पहिली चुकलेली ओळ

आठवीतल्या एका मुलीने वहीच्या पानाचा फोटो काढून इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं : "दादा, हे बरोबर आहे का?" पानावर पाच ओळी होत्या.

(१) (२x + १)/३ − (x − ४)/२ = ४

(२) २(२x + १) − ३(x − ४) = २४

(३) ४x + २ − ३x − १२ = २४

(४) x − १० = २४

(५) x = ३४

दादा हुशार होता. त्याने पाठकोरा कागद घेतला, गणित स्वतः सोडवलं आणि दोन मिनिटांत कळवलं : "नाही. x = १० येतं." सोबत आपल्या कागदाचाही फोटो जोडला.

असे दादा घरोघरी असतात. त्यांचं उत्तर बरोबर असतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं. x ची किंमत काय, हे त्या मुलीने विचारलंच नव्हतं. ती पुस्तकाच्या मागे छापलेली असते. आपल्या पाच ओळींपैकी कुठल्या ओळीपर्यंत सगळं ठीक होतं, हे तिला हवं होतं. आता तिच्या हातात दोन कागद आहेत. एकावर ३४, दुसऱ्यावर १०, आणि मधल्या ओळी एकमेकींशी जुळत नाहीत, कारण तिने आधी छेद घालवले होते आणि दादाने आधी अपूर्णांक सुटे केले होते. दादाच्या कागदावर x/६ = ५/३ अशी एक ओळ आहे. तिच्या वहीत तशी ओळ कुठेच नाही, आणि नसण्यात तिची काही चूकही नाही. चूक मात्र अजून सापडायचीच आहे.

ती शोधण्यासाठी गणित पुन्हा सोडवावं लागत नाही. काही वेळा खरं उत्तर माहीत असण्याचीही गरज पडत नाही.

पाच ओळींच्या या उतरंडीत तपासण्यासारख्या गोष्टी चार आहेत : पहिल्या ओळीतून दुसरी निघते का, दुसरीतून तिसरी, तिसरीतून चौथी, चौथीतून पाचवी. हे चार सांधे. एकटी ओळ पाहून ती बरोबर की चूक हे ठरत नाही. x − १० = २४ या समीकरणात स्वतःचं असं काही वावगं नाही. ते वरच्या ओळीतून निघतं की नाही, एवढाच प्रश्न असतो. तपासणाऱ्याने नजर ओळींवर ठेवण्याऐवजी सांध्यांवर ठेवली की कामाचं स्वरूपच बदलतं.

आता चुकलेलं उत्तर कामाला लावायचं. बहुतेक जण ते खोडून टाकतात, पण शोधाचं सगळ्यात उपयोगी साधन तेच आहे. ३४ ही किंमत घेऊन खालून वर जायचं. पाचवी ओळ x = ३४, म्हणजे खरी. चौथीत ३४ − १० = २४, खरी. तिसरीत १३६ + २ − १०२ − १२, म्हणजे २४, हीसुद्धा खरी. दुसऱ्या ओळीत डावीकडे २ × ६९ वजा ३ × ३०, म्हणजे १३८ − ९० = ४८ येतात आणि उजवीकडे आहेत २४. ही ओळ खोटी. पहिल्या ओळीत ६९/३ − ३०/२, म्हणजे २३ − १५ = ८, आणि उजवीकडे ४. तीही खोटी.

खालच्या तीन ओळी ३४ ला मानतात, वरच्या दोन मानत नाहीत. म्हणजे बिघाड दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींमधल्या सांध्यात आहे.

हे असं का होतं, ते पाहायला अवघड नाही. बेरीज, वजाबाकी, शून्य नसलेल्या संख्येने गुणाकार किंवा भागाकार, कंस सोडवणं या सगळ्या क्रिया दोन्ही दिशांनी चालतात. वरून खाली जाता येतं तसं खालून वरही येता येतं. त्यामुळे सगळे सांधे पक्के असतील तर एखादी संख्या एक तर सगळ्या ओळींत बसते, नाही तर कुठल्याच ओळीत बसत नाही. ३४ शेवटच्या ओळीत बसते आणि पहिलीत बसत नाही, तेव्हा मध्ये कुठे तरी सांधा निखळलेला असलाच पाहिजे.

सांधा सापडला की वाचायला फार थोडं उरतं. दुसऱ्या ओळीतून तिसरीत जाताना मुलीने दोन कंस सोडवले. २(२x + १) चे ४x + २ झाले, ते बरोबर. −३(x − ४) चे −३x − १२ झाले, तिथे गडबड. उणे तीन आणि उणे चार यांचा गुणाकार अधिक बारा. कंसाबाहेरच्या उणे चिन्हाने आतल्या पहिल्या पदाला गाठलं, दुसऱ्या पदापर्यंत ते पोचलंच नाही. शाळेच्या बीजगणितात ही चूक पावलोपावली भेटते.

फरकाचा आकडाही बोलका आहे. दुसऱ्या ओळीत डावी बाजू ४८ आली, हवे होते २४. फरक २४, त्याचा निम्मा १२, आणि चिन्ह चुकलेलं पद नेमकं १२ च. चिन्ह उलटं पडलं की असंच होतं : १२ मिळवायचे होते ते वजा झाले, म्हणून हिशेब बाराच्या दुपटीने हुकला. जमाखर्च लिहिणाऱ्यांना हे जुनं माहीत आहे. तेरीज जुळली नाही की ते फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधतात. नावे बाजूची रक्कम जमेला लिहिली गेली असेल तर ती अशीच पकडली जाते.

आता त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाची वही घेऊ. त्याचं उत्तर आलं −१०. खरं उत्तर १० आहे हे ठाऊक असलेला कुणीही हे पाहून सांगेल, "शेवटी चिन्ह चुकलं रे." मुलगा बिचारा शेवटच्या दोन ओळींतली उणे-अधिक चिन्हं पुन्हा पुन्हा तपासेल आणि त्याला काही सापडणार नाही, कारण तिथे चिन्ह चुकलेलंच नाही.

त्याच्या ओळी अशा : (२) २(२x + १) − ३(x − ४) = ४, (३) ४x + २ − ३x + १२ = ४, (४) x + १४ = ४, (५) x = −१०. पुन्हा खालून वर जाऊ. −१० शेवटच्या तीन ओळींत बसते. दुसऱ्या ओळीत २ × (−१९) वजा ३ × (−१४), म्हणजे −३८ + ४२ = ४, तिथेही बसते. पहिल्या ओळीत मात्र −१९/३ + ७, म्हणजे २/३ येतात, आणि हवे होते ४. अगदी पहिलाच सांधा निखळलेला. इथे फरकापेक्षा गुणोत्तर जास्त बोलतं : ४ हे २/३ च्या सहापट आहेत. छेद घालवताना डाव्या बाजूला सहाने गुणलं आणि उजवीकडचे ४ तसेच राहून गेले. कंस त्याने नीट सोडवलेत, चिन्हंही चोख आहेत. उत्तर १० च्या बरोबर उलट आलं हा निव्वळ योगायोग, आणि नुसती उत्तरं ताडून पाहणारा त्या योगायोगाला हमखास फसतो.

पण या रीतीलाही एक आंधळा कोपरा आहे. समजा, तिसऱ्या कुणी या दोन्ही चुका केल्या. उजवीकडचे ४ तसेच ठेवले आणि कंस सोडवताना −१२ लिहिले. मग शेवटी x − १० = ४, म्हणजे x = १४. ही १४ खालून वर नेली तर तिसऱ्या ओळीत बसते (५६ + २ − ४२ − १२ = ४), दुसऱ्या ओळीत बसत नाही (५८ − ३० = २८), पहिलीतही बसत नाही (२९/३ − ५, म्हणजे १४/३). दुसऱ्या-तिसऱ्या ओळींमधला सांधा पकडला गेला. वरचा सांधा मात्र निसटला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओळी खोट्या आहेत आणि खोट्यातून खोटं निघालं तर त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. खालून चढणाऱ्याला नेहमी सगळ्यात खालची चूक आधी भेटते. शोध तर पहिल्या चुकीचा आहे.

यावर उपाय आहे. 'बसते' किंवा 'बसत नाही' एवढ्यावर न थांबता, किती हुकते ते मोजायचं. प्रत्येक ओळीत डावी बाजू वजा उजवी बाजू काढायची. कंस सोडवले, सारखी पदं एकत्र केली, दोन्ही बाजूंत सारखंच मिळवलं किंवा दोन्हींतून सारखंच वजा केलं, तर हा फरक तसाच राहिला पाहिजे. दोन्ही बाजूंना सहाने गुणलं असेल तर तो सहापट झाला पाहिजे. १४ साठी पहिल्या ओळीतला फरक १४/३ − ४, म्हणजे २/३. दुसऱ्या ओळीत तो सहापट, म्हणजे ४ व्हायला हवा होता. तिथे तो २८ − ४ = २४ आहे. पकडला गेला. ताळा म्हणून पहिल्या मुलीच्या वहीतला हाच सांधा ३४ घेऊन पाहा : वर ८ − ४ = ४, खाली ४८ − २४ = २४, बरोबर सहापट. तिचा तो सांधा पक्का होता.

या मोजणीला चुकलेलं उत्तरच हवं असंही नाही. हाताशी असलेली कुठलीही संख्या घ्यावी आणि वरून खाली येत जावं. जिथे फरक पहिल्यांदा अपेक्षेबाहेर जातो, तिथेच पहिली चूक.

सरळरूप द्या म्हटलं की समीकरणच नसतं, तेव्हा काम आणखी सोपं होतं. तिथे सगळ्या ओळी एकाच राशीची वेगवेगळी रूपं असतात. म्हणून x ला एखादी किंमत दिली की प्रत्येक ओळीतून एकच आकडा निघाला पाहिजे. मात्र किंमत निवडताना जरा विचार करावा लागतो. हे उदाहरण पाहा :

(१) (x + ३)² − (x − २)(x + २)

(२) x² + ९ − (x² − ४)

(३) x² + ९ − x² − ४

(४) ५

हिशेब सोपा म्हणून बहुतेक जण x = ० घेतात. मग पहिली ओळ ९ + ४ = १३, दुसरीही १३, तिसरी ५. निष्कर्ष निघतो की दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं ठीक आहे. तो निष्कर्ष खोटा आहे. (x + ३)² म्हणजे x² + ६x + ९. मधलं ६x कुठे तरी राहून गेलंय, आणि x शून्य असला की ६x सुद्धा शून्य होऊन लपून बसतं. आता x = ३ घेऊन पाहा. पहिली ओळ ३६ − ५ = ३१, दुसरी १८ − ५ = १३, तिसरी ५. पहिल्याच सांध्यात १८ गळाले, आणि ६x ची x = ३ साठी किंमत १८ च आहे. दुसऱ्या सांध्यात आणखी ८ गेले. ४ चं चिन्ह उलटं पडलं, म्हणून पुन्हा दुप्पट. खरं सरळरूप ६x + १३, आणि x = ३ साठी ते ३१.

१ ही किंमतही भरवशाची नाही. एकाचा वर्ग एक, घन एक, त्यामुळे x² च्या जागी x³ पडला तरी कळत नाही. दोनची गंमत आणखी वेगळी. दोनाचा वर्ग चार आणि दोनाची दुप्पटही चार, म्हणून x² आणि २x यांची अदलाबदल २ पुढे बिनबोभाट खपते, आणि विद्यार्थ्यांची गल्लत नेमकी त्याच दोघांत होते. ३ किंवा ७ बरी. १० तर फारच सोयीची, कारण तिचे वर्ग-घन तोंडी येतात.

एका किंमतीला दोन ओळी जुळल्या म्हणजे त्या समान आहेत असं ठरत नाही. वर शून्याने ते दाखवलंच. पण किती किंमतींनंतर खात्री धरायची, याला नेमकं उत्तर आहे. x² पर्यंतचीच पदं असलेल्या दोन वेगवेगळ्या राशी जास्तीत जास्त दोन किंमतींना जुळू शकतात, कारण त्यांची वजाबाकी केली की फार तर वर्ग समीकरण उरतं आणि त्याला दोनाहून अधिक मुळं नसतात. तीन वेगळ्या किंमतींना त्या जुळल्या तर त्या एकच आहेत, मग कागदावर कशाही दिसोत. x³ पर्यंतच्या राशींना चार किंमती लागतात. चूक शोधायला मात्र सहसा एकच चांगली किंमत पुरते.

उतरंड लांब असेल तर ओळीमागून ओळ तपासत बसायचीही गरज नाही. सतरा ओळी, म्हणजे सोळा सांधे असले तर आधी नववी ओळ पाहावी. ती पहिलीशी जुळली तर बिघाड खालच्या आठ सांध्यांत, नाही जुळली तर वरच्या आठांत. मग त्या आठांची पुन्हा अर्धी वाटणी. चार तपासण्यांत एक सांधा हाती लागतो. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं असेल तर ही रीत वरची जोडी ओलांडून पुढे जाऊ शकते, म्हणून सापडलेल्या सांध्याच्या वरच्या ओळींवरून एकदा नजर फिरवलेली बरी.

पूर्ण प्रश्न न सोडवता एकच पायरी दाखवून देण्याचं गणिताच्या इतिहासातलं नावाजलेलं उदाहरण चार रंगांच्या नकाशाचं आहे. कुठलाही सपाट नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारचे प्रदेश एका रंगाचे येत नाहीत, असं सांगणारी सिद्धता आल्फ्रेड केम्पे या इंग्लंडमधल्या गणितप्रेमी वकिलाने १८७९ मध्ये छापली. अकरा वर्षं ती मान्य होती. १८९० मध्ये पर्सी हीवुडने एक नकाशा पुढे ठेवला आणि केम्पेची एक पायरी त्या नकाशावर कशी कोसळते ते दाखवलं. दोन रंगांची अदलाबदल दोन ठिकाणी करायची होती. प्रत्येक अदलाबदल एकेकटी बिनचूक होती, दोन्ही एकदम केल्या की गोंधळ होत होता. चार रंग पुरतात की नाही, हे हीवुडने सोडवलं नाही. ते काम १९७६ मध्ये आपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने पुरं केलं. पण बिघडलेली पायरी नेमकी कळल्यामुळे बाकीचं शाबूत आहे हेही कळलं, आणि त्याच सामानातून हीवुडने पाच रंग नक्की पुरतात हे सिद्ध केलं.

शाळकरी वहीतही हेच घडतं. पहिल्या मुलीच्या तिसऱ्या ओळीपासून पुढे सगळं चुकीचं दिसतं, पण तिसरीतून चौथी आणि चौथीतून पाचवी ओळ तिने अगदी बरोबर काढली आहे. तीन फुल्या मारण्यासारखं तिथे काही नाही. चूक एकच आहे. −१२ च्या जागी +१२ केलं की चौथी ओळ x + १४ = २४ होते आणि पाचवी x = १०. दुरुस्ती खाली वाहत नेली, गणित नव्याने मांडावं लागलं नाही. पायऱ्यांना गुण देऊन पेपर तपासणारे शिक्षक हेच करतात : चुकेल तिथे एकदा गुण कापतात आणि पुढच्या पायऱ्या त्या चुकीला धरून बरोबर आहेत का, हे पाहतात.

काही सांधे मात्र आकड्यांच्या तपासणीला सहज चकवतात. x(x − ३) = ४(x − ३) अशी एक ओळ आहे आणि त्याखाली लगेच x = ४. उत्तर ४ दोन्ही ओळींत बसतं. x = ७ घेऊन फरक काढला तर वर २८ − १६ = १२, खाली ७ − ४ = ३. दोन्ही बाजूंना (x − ३) ने, म्हणजे ७ साठी ४ ने भागलंय, आणि १२ चे ३ झाले. सगळं जुळतं. तरीही पायरी सदोष आहे, कारण ३ हे दुसरं उत्तर तिच्यात हरवलं. अशा वेळी एकच संख्या उपयोगाची : जिच्यामुळे भाजक शून्य होतो ती. x = ३ घेतलं की वरच्या ओळीत फरक शून्य आणि खालच्या ओळीत −१. शून्याला कशानेही भागून −१ मिळत नाही. ज्या सांध्यात x असलेल्या पदाने भागलं आहे तिथे हीच किंमत घालून पाहावी. वरच्या ओळीत x चा वर्ग होता आणि खाली तो नाहीसा झाला, ही त्या सांध्याची बाहेरून दिसणारी खूण.

याच्या उलट प्रकार वर्ग करताना होतो. √(x + ६) = x याचा दोन्ही बाजूंनी वर्ग केला की x + ६ = x², आणि मुळं ३ व −२. यातली −२ पहिल्या ओळीत बसत नाही : डावीकडे २, उजवीकडे −२. खालून वर चढणारा इथे बोट ठेवून म्हणेल की सांधा निखळला. तसं नाही. वर्ग करणं ही रास्त पायरी आहे, पण ती वरून खालीच जाते. परत येताना नको असलेला पाहुणा सोबत घेते. अशा वेळी "चूक आहे" असं कळवणं अन्यायाचं ठरेल. "पायरी बरोबर, पण दोन्ही मुळं पहिल्या ओळीत घालून पाहायची राहिली," असं सांगायला हवं.

एक प्रकार तर आकड्यांना दिसतच नाही. १६/६४ मध्ये वरचा आणि खालचा ६ खोडला की १/४ उरतो, आणि १६/६४ खरोखरच १/४ आहे. १९/९५ मधले ९ खोडले की १/५, तेही खरं. किंमती तंतोतंत जुळतात आणि रीत मात्र निखालस चुकीची. किंमत घालून पाहण्याने निष्कर्ष तपासला जातो, त्यामागचं कारण तपासलं जात नाही. ते डोळ्यांनीच वाचावं लागतं.

मुलीला मग कळवायचं काय? "दुसरी ओळ बरोबर आहे. तिसरीत जाताना दुसरा कंस परत सोडव. पुढच्या ओळी तुझ्याच रीतीने ठीक आहेत." तीन वाक्यं. त्यांत १० हा आकडा कुठेच नाही, तो तिचा तिने काढायचा. अधिक बारा का, हे तिला ठाऊकच असेल तर कंस म्हटल्याबरोबर तिच्या लक्षात येईल. ठाऊक नसेल तर पुढचा प्रश्न ती नेमका त्याच जागेवर विचारेल.

शाब्दिक उदाहरणांत आणखी एक सांधा असतो आणि तो वहीत लिहिलेलाच नसतो : गोष्ट आणि पहिली ओळ यांच्यामधला. वरच्या सगळ्या रीती पहिली ओळ खरी मानून चालतात, त्यामुळे तिथली चूक त्यांना पकडता येत नाही. त्यासाठी उत्तर गोष्टीच्या शब्दांत घालून पाहावं लागतं. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' या ग्रंथात माकडांच्या कळपांची दोन उदाहरणं आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं रानात खेळताहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. उत्तरं ४८ आणि १६, दोन्ही चालतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. समीकरण (x/५ − ३)² + १ = x, आणि मुळं ५० व ५. दोन्ही मुळं समीकरणाच्या प्रत्येक ओळीत नीट बसतात, एकही सांधा कुरकुरत नाही. पण पाच माकडांचा पाचवा भाग एक, आणि एकातून तीन वजा केले की उरतात उणे दोन. वर्ग केल्याबरोबर तो उणेपणा झाकला जातो, म्हणून समीकरणाला तो दिसत नाही. भास्कराचार्यांनी ५० ठेवले आणि ५ सोडून दिले. कारण दिलं ते असं की अशी ऋण राशी लोकांना पटत नाही.